दगड बुडाला, पाणी किती चढलं?

महत्त्वमापनाच्या उदाहरणांत एक ठरावीक प्रकार हमखास भेटतो. ६ सेंमी त्रिज्येच्या वृत्तचिती भांड्यात पाणी आहे. त्यात ३ सेंमी त्रिज्येचा धातूचा भरीव गोळा पूर्ण बुडवला, तर पाण्याची पातळी किती वाढेल? गोळ्याचं घनफळ काढायचं, भांड्याच्या तळाच्या क्षेत्रफळानं भागायचं. वर-खाली दोन्हीकडचा पाय उडतो आणि उत्तर नेमकं १ सेंमी येतं. मार्क मिळतात, पुढचं उदाहरण सुरू होतं. भांड्यात आधी पाणी होतं किती, हे मात्र कोणी विचारत नाही. ते ३ सेंमीच असतं तर गोळा पूर्ण बुडालाच नसता आणि १ सेंमी हे उत्तर चुकलं असतं. उदाहरणात ‘पूर्ण’ हा शब्द असतो म्हणून सगळं निभावतं. प्रत्यक्ष टाकीसमोर उभं राहिल्यावर ही खात्री आपली आपल्यालाच करून घ्यावी लागते.

म्हणून एक खरीखुरी टाकी घेऊ. घरात मासे पाळायला वापरतात तशी काचेची, आतून ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३६ सेंमी उंच. तिच्या तळाचं क्षेत्रफळ १८०० चौरस सेंमी. याचा अर्थ असा की पाणी १ सेंमी चढायचं तर १८०० घनसेंमी, म्हणजे पावणेदोन लिटरहून थोडं जास्त पाणी ओतावं लागतं. आता पाथरवटाकडून घडवून आणलेला काळ्या दगडाचा एक ठोकळा घेऊ. २५ सेंमी लांब, १५ सेंमी रुंद, ९ सेंमी जाड. घनफळ ३३७५ घनसेंमी. वजन दहा किलोच्या आसपास भरेल, पण वजनाचा इथे काहीही संबंध नाही.

टाकीत २० सेंमी पाणी आहे, म्हणजे ३६ लिटर. दगड आडवा करून तळाशी ठेवला. पाणी दाबून लहान होत नाही. दगडानं अडवलेल्या जागेतलं पाणी बाजूला सरतं आणि बाजूला भिंती असल्यानं त्याला वरखेरीज दुसरी वाट उरत नाही. आता पातळीखाली ३६ लिटर पाणी आणि ३.३७५ लिटर दगड, असा एकूण ३९.३७५ लिटरचा ऐवज आहे. त्याला १८०० नं भागलं की नवी पातळी २१.८७५ सेंमी येते. पाणी १.८७५ सेंमी चढलं. ३३७५ ला थेट १८०० नं भागलं तरी हेच उत्तर येतं. शाळेतलं सूत्र म्हणजे एवढंच: वाढ बरोबर वस्तूचं घनफळ भागिले टाकीचं क्षेत्रफळ.

या भागाकारात काय नाही, तेही पाहून ठेवावं. दगडाचं वजन नाही. दगडाच्या जागी तेवढ्याच मापाचा शिशाचा ठोकळा ठेवला तर टाकीचा तळ कदाचित तडकेल, पण पाणी तेवढंच चढेल. दगड किती खोल आहे, तेही त्यात नाही. दोरीनं बांधून पाण्याच्या मध्यावर लटकत ठेवला काय किंवा तळाशी टेकवला काय, पातळीत फरक पडत नाही. दगड दोरीनं सावकाश खाली सोडत काचेबाहेरून पाहिलं तर हे स्वच्छ दिसतं. दगडाचा खालचा पृष्ठभाग पाण्याला लागतो, तिथून पातळी सरकू लागते. दगड खाली येत असतो आणि त्याच वेळी पाणी त्याच्या अंगावर चढत असतं. त्यामुळे आडवा धरलेला ९ सेंमी जाडीचा दगड पूर्ण बुडायला तो ९ सेंमी खाली न्यावा लागत नाही, ७.१२५ सेंमी पुरतात. उरलेलं १.८७५ सेंमी अंतर पाणीच वर येऊन भरून काढतं. दगडाचा माथा पाण्याखाली गेला की पातळी जागच्या जागी थांबते. त्यानंतर दोरी कितीही सोडा, ती हलत नाही.

हा ७.१२५ चा आकडा आणखी एका कामाचा आहे. टाकीत सुरुवातीला निदान तेवढं पाणी असेल, तरच तळाशी आडवा ठेवलेला दगड झाकला जाईल. त्याहून कमी पाण्यात त्याचा माथा उघडा राहणार. ताळा सोपा आहे: वस्तूच्या उंचीतून अपेक्षित वाढ वजा करायची. आधीचं पाणी तेवढं किंवा त्याहून जास्त असेल तरच शाळेतलं सूत्र लावायचं.

पाणी कमी पडलं तर काय होतं, हे त्याच दगडावर पाहू. टाकीत फक्त १० सेंमी पाणी ठेवलं, म्हणजे १८ लिटर. दगड आडवा ठेवला तर तो बुडतो आणि पातळी ११.८७५ वर जाते, वाढ तीच १.८७५. आता दगड कडेवर ठेवला, म्हणजे १५ सेंमीची बाजू उभी. त्याच्या पायाखाली २५ गुणिले ९, म्हणजे २२५ चौरस सेंमी जागा अडली. १८ लिटर पाण्याला पसरायला १८०० ऐवजी १५७५ चौरस सेंमी उरले. १८००० भागिले १५७५ केलं की ११.४३ सेंमी. दगडाचा माथा साडेतीन सेंमी कोरडाच आणि वाढ १.४३ सेंमी. तोच दगड पूर्ण उभा केला तर पायाखाली १३५ चौरस सेंमी अडतात, पाणी १०.८१ सेंमीवर थांबतं आणि वाढ जेमतेम ०.८१ सेंमी भरते. दगड एक, टाकी एक, पाणीही एकच, आणि तरी उत्तरं तीन. पूर्ण बुडालेल्या वस्तूला ठेवण्याची तऱ्हा लागू होत नाही. अर्धवट बुडालेल्या वस्तूला ती लागू होते, कारण तिथे पाणी चढतं ते फक्त बुडालेल्या भागामुळे, आणि तो भाग किती हे पुन्हा चढलेल्या पाण्यावरच ठरतं. म्हणून त्या वेळी घनफळाचा भागाकार सोडून द्यायचा आणि पाण्याला उरलेली जागा धरायची.

गोळ्याच्या बाबतीत हीच गोष्ट गमतीदार वळण घेते. सुरुवातीच्या ६ सेंमी त्रिज्येच्या भांड्यात ३ सेंमी त्रिज्येचा गोळा झाकायला आधी ५ सेंमी पाणी लागतं. गोळ्याची उंची ६, वाढ १, म्हणून ५. गोळा मोठा घेतला तर साहजिकच जास्त पाणी लागेल असं वाटतं आणि काही अंतरापर्यंत तसं होतंही. त्रिज्या ४.२४ सेंमीच्या सुमारास असताना ५.६६ सेंमी पाणी लागतं. पण त्याहून मोठा गोळा घेत गेलं की लागणारं पाणी कमी होऊ लागतं. भांड्यात जेमतेम मावेल असा ६ सेंमी त्रिज्येचा गोळा ४ सेंमी पाण्यातही झाकला जातो! तो इतकी जागा खातो की त्याच्याभोवतीच्या कोपऱ्यांत थोडंसंच पाणी मावतं आणि तेच थेट त्याच्या माथ्यापर्यंत पोचतं. बेतशीर मापाच्या गोळ्यांना सर्वांत जास्त पाणी लागतं, हे गणित केल्याशिवाय सहसा कोणाला पटत नाही.

वरच्या कडेलाही एक अडचण आहे. आपली टाकी ३६ सेंमी उंच आहे. पाणी ३४.१२५ सेंमीपर्यंत असेल तोवर दगड निमूट सामावतो. ३५ सेंमी असेल तर वर १८०० घनसेंमीचीच जागा उरलेली असते. बाकीचं १५७५ घनसेंमी, म्हणजे दीड लिटरहून जास्त पाणी फरशीवर. नंतर दगड काढून घेतला तर पातळी ३५ वर परत येत नाही, ३४.१२५ वर येते.

आतापर्यंत टाकीच्या भिंती सरळ उभ्या होत्या. बादलीचं तसं नसतं, ती तळाशी निमुळती आणि तोंडाशी रुंद असते. तळाशी व्यास २२ सेंमी, तोंडाशी ३० आणि उंची ३० सेंमी अशी बादली घ्या. तीत १५ सेंमी पाणी आहे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाशी व्यास २६ आणि क्षेत्रफळ सुमारे ५३१ चौरस सेंमी. आपला ठोकळा या बादलीत आडवा बसायचा नाही, म्हणून तेवढ्याच घनफळाचा एखादा ओबडधोबड गोटा बुडवला असं समजू. ३३७५ भागिले ५३१ केलं तर ६.३६ सेंमी येतात. पाणी प्रत्यक्षात ६ सेंमीच्या आसपास चढेल, कारण चढता चढता त्याला जागा रुंद मिळत जाते. गोटा तळाशी आहे म्हणून तळाचं क्षेत्रफळ धरावं असा मोह होतो. तसं केलं तर उत्तर जवळजवळ ९ सेंमी येतं आणि साफ चुकतं. गोटा कुठे बसला आहे याला महत्त्व नाही. नवं पाणी जिथे चढतं तिथली रुंदी धरायची. वाढ थोडी असेल तर पृष्ठभागाचं क्षेत्रफळ पुरतं, जास्त असेल तर चढाईच्या मध्यावरचं घ्यावं.

यापुढची फसगत टाकीची नसून वस्तूची असते. घनफळ म्हणून आपण जे मोजतो ते बाहेरचं माप असतं आणि पाण्याला आतली हवाही सापडते. बांधकामावर विटा हौदात भिजत घालतात तेव्हा हे पाहायला मिळतं. वीट बुडली की तिच्या अंगातून बुडबुड्यांच्या बारीक माळा सुटतात, आधी भराभर, मग एकेक करून. १९ गुणिले ९ गुणिले ९ सेंमीची वीट, घनफळ १५३९ घनसेंमी. आपल्या काचेच्या टाकीत ती टाकताक्षणी पाणी सुमारे ०.८५ सेंमी चढेल. पण या विटेनं पुढे ४०० ग्रॅम पाणी पिऊन घेतलं असं धरू, आणि चांगल्या विटेच्या बाबतीतही ही कल्पना अवास्तव नाही, तर पातळी पुन्हा ०.२२ सेंमी उतरेल. हौद कुठे गळत वगैरे नसतो. पाणी विटेच्या छिद्रांत गेलेलं असतं. त्यामुळे पातळीवरून विटेचं बाहेरचं घनफळ मोजायचं असेल तर तिला आधी भरपूर भिजवून, अंग पुसून मग टाकीत सोडावं. कोरडी टाकली तर कोणत्या मिनिटाला पट्टी लावली त्यावर उत्तर बदलत राहील.

वाळू-खडीचंही तसंच. माशांच्या टाकीत १० लिटरच्या बादलीभर खडी घातली म्हणून पाणी १० लिटरचं चढत नाही. खड्यांच्या मधल्या फटीत आधीचंच पाणी शिरून बसतं आणि या फटी एकूण मापाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त असू शकतात. पातळी वाढते ती फक्त दगडाच्या खऱ्या ऐवजापुरती, सहासाडेसहा लिटरची. उलट्या बाजूनं, खडबडीत दगडाच्या खाचेत हवेचा फुगा अडकून राहिला तर वाढ खऱ्याहून जास्त दिसते. म्हणून दगड पाण्याखालीच एकदोनदा गदागदा हलवून घ्यावा.

तरंगणाऱ्या वस्तूचा हिशेब वेगळा आणि तो इथे आणू नये, पण सीमा कुठे आहे ते दाखवायला स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी पुरेशी आहे. ८० ग्रॅमची वाटी पाण्यावर तरंगते तेव्हा ती ८० घनसेंमी पाणी सारते, आपल्या वजनाएवढं. तिला तिरकी करून बुडवली की ती फक्त आपल्या पत्र्याच्या घनफळाएवढं, जेमतेम १० घनसेंमी पाणी सारते. वाटी बुडताना पाणी चढायच्या ऐवजी उतरतं! तरंगणाऱ्याचं वजन मोजलं जातं, बुडालेल्याचं घनफळ.

आता अर्किमिडीजचा मुकुट. हा पातळीचा प्रयोग जगातला सर्वांत प्रसिद्ध असूनही त्यात एक खोट आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या हिएरो राजाला आपल्या सोन्याच्या मुकुटात सोनारानं चांदी मिसळल्याचा संशय आला आणि ते शोधून काढायचं काम अर्किमिडीजकडे आलं, ही गोष्ट विट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदानं नंतर दोनशे वर्षांनी लिहून ठेवली. त्याच्या सांगण्यानुसार काठोकाठ भरलेल्या भांड्यात आधी मुकुटाच्या वजनाचं सोनं, मग मुकुट बुडवून, सांडलेल्या पाण्याचा फरक मोजला. तत्त्व बरोबर आहे. आकडे घालून पाहिले की मात्र शंका येते.

मुकुट समजा १ किलोचा आहे. शुद्ध सोन्याचं घनफळ ५१.८ घनसेंमी होतं, कारण सोन्याच्या एका घनसेंमीचं वजन १९.३ ग्रॅम भरतं. सोनारानं ३०० ग्रॅम सोनं काढून त्याजागी ३०० ग्रॅम चांदी घातली, म्हणजे चोरी मोठीच, तर घनफळ ६४.८ घनसेंमी होतं. फरक १३ घनसेंमी. मुकुट मावेल असं भांडं निदान २० सेंमी व्यासाचं हवं, त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंमी. १३ भागिले ३१४ म्हणजे ०.०४ सेंमी, अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. काठोकाठ भरलेल्या भांड्यात पाणी कडेच्या वर याहून जास्त फुगून राहतं. मुकुटाच्या नक्षीत अडकलेले चार बुडबुडेही निकाल फिरवू शकतात. तीच १३ घनसेंमी ४ सेंमी व्यासाच्या नळीत असती तर पातळी १ सेंमीहून जास्त बदलली असती आणि डोळ्यांनी दिसली असती. पण ४ सेंमीच्या नळीत मुकुट जात नाही. पातळी मोजण्याची खरी कोंडी हीच. भांडं वस्तू मावेल इतकं रुंद हवं आणि वाढ वाचता येईल इतकं अरुंदही.

गॅलिलिओलाही ही पद्धत अशीच ढोबळ वाटली. १५८६ साली, बाविसाव्या वर्षी, त्यानं एका छोट्या तराजूवर टिपण लिहिलं आणि अर्किमिडीजनं पातळी नव्हे तर पाण्यातलं वजन मोजलं असावं, असं त्यात सुचवलं. तराजूच्या एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचं शुद्ध सोनं टांगायचं आणि दोन्ही पाण्यात सोडायची. घनफळ जास्त असलेल्या मुकुटाला पाणी १३ ग्रॅम जास्त उचलतं आणि ती बाजू वर जाते. इतका फरक साध्या तराजूलाही कळतो.

हे आज घरीही करता येतं आणि त्याला पट्टी लागत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करायचा. वस्तू बारीक दोऱ्याला बांधून हातानं पाण्यात अशी सोडायची की ती पूर्ण बुडेल, पण कुठेच टेकणार नाही. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंमी तिचं घनफळ. पाणी वस्तूला वर ढकलतं, तेवढ्याच जोरानं वस्तू पाण्याला खाली ढकलते आणि तो भार काट्यावर येतो. भांडं रुंद असलं तरी काही बिघडत नाही, कारण पातळी वाचायचीच नाही. फक्त वस्तू बुडताना आकडा हळूहळू चढत जातो आणि माथा पाण्याखाली गेला की थांबतो, तो थांबलेला आकडा घ्यावा. आणखी खाली सोडताना तो अचानक मोठी उडी मारू लागला तर वस्तू तळाला टेकली आहे असं समजावं. त्या क्षणापासून काटा वस्तूचं वजन दाखवायला लागलेला असतो, भांड्यातली पातळी मात्र होती तिथेच असते.